‘कार्यवाही करण्यात यावी’, पण कोणी? एका गावाच्या पूर आराखड्याचं प्रकरण

(गावाची आणि माणसांची ओळख झाकली आहे. पदं, फुटांचे आकडे आणि वाक्यं आराखड्यात होती तशीच दिली आहेत.)

पार्श्वभूमी

करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठी असलेलं हे गाव. ऊस, भात आणि म्हशी यांवर चालणारं. बहुतेक घरांत दोन-चार दुभती जनावरं आणि सकाळ-संध्याकाळ दूध घालायला गावातली एक दूध संस्था. 2019 आणि 2021 या दोन्ही महापुरांत गावात पाणी शिरलं होतं.

कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी. इथे पावसाळ्यात लोक एकमेकांना ‘किती फूट?’ असं विचारतात. राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी म्हणजे ते फूट. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की तो आकडा तासातासाला फोनवरून फिरू लागतो. शेतावरचा गडी असो की शाळेतलं पोर, 39 आणि 43 हे आकडे सगळ्यांना पाठ असतात.

गावाचा पूर आराखडा दरवर्षी मे महिन्यात नवा होत असे. नवा म्हणजे तारीख बदलून. मे 2024 मध्ये सरपंचांनी तो माझ्याकडे पाठवला. मी संस्थांची आणि कार्यालयांची मराठी कागदपत्रं तपासून देते. ‘शुद्धलेखन बघा आणि लोकांना कळेल असं करा’, एवढंच काम सांगितलं होतं.

अडचण

आराखड्यातलं जनावरांबद्दलचं मुख्य वाक्य असं होतं:

“संभाव्य पूरपरिस्थितीच्या अनुषंगाने पूरबाधित क्षेत्रातील पशुधनाच्या सुरक्षित स्थळी स्थलांतरणाच्या दृष्टीने आवश्यक वाहनांच्या उपलब्धतेची निश्चिती करून स्थलांतरणाची कार्यवाही तत्काळ करण्यात यावी.”

शुद्धलेखन अचूक होतं. व्याकरणातही चूक नव्हती. पण हे वाक्य हातात घेऊन कोणीही घराबाहेर पडू शकत नव्हतं. त्यात खरी कामं तीन आहेत: गाड्या मिळवणं, त्या येणार याची खात्री करणं आणि जनावरं हलवणं. ही तिन्ही कामं ‘उपलब्धता’, ‘निश्चिती’ आणि ‘स्थलांतरण’ अशा नामांत बांधून ठेवली आहेत. वाक्यात क्रियापद म्हणून उरतं फक्त ‘करणे’, आणि तेही ‘करण्यात यावी’ या रूपात. करणारा कुठेच नाही.

2021 मध्ये नेमकं हेच नडलं होतं. पाणी चढू लागलं तेव्हा ट्रॉल्या दूध संस्था पाठवेल असं ग्रामपंचायतीनं धरलं. संस्थेनं धरलं की आराखडा ग्रामपंचायतीचा, म्हणजे गाड्याही तीच बघेल. ट्रॉल्या आल्याच नाहीत. लोकांनी गुडघाभर पाण्यातून म्हशी ओढत काढल्या. काही कुटुंबं जनावरांना सोडून निघायला तयार झाली नाहीत, ती माडीवर अडकली आणि पुढे त्यांना बोटीनं आणावं लागलं. जनावरासाठी माणूस मागे राहतो, हे काठावरच्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. म्हणून मी या एका वाक्याला आराखड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मानलं.

त्या वाक्याखाली ग्रामपंचायतीची आणि संस्थेची, दोघांचीही सही होती. दोघांनी ते वाचलंही होतं. फरक इतकाच की प्रत्येकानं मोकळ्या जागी समोरच्याला बसवलं होतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय ग्रामसेवकांचा. आराखडा आहे तसा ठेवायचा, तालुक्याला तोच पाठवायचा आणि लोकांसाठी सोप्या भाषेत एक वेगळं पत्रक काढायचं. त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. “मॅडम, वर हीच भाषा चालते. साधं लिहिलं तर ‘हा काय आराखडा?’ म्हणतील,” असं ते म्हणाले. पण दोन कागद झाले की दोन आराखडे होतात. पुढच्या मे महिन्यात एक बदलतो आणि दुसरा तसाच राहतो. आणि मूळ कागदात जे ठरलेलंच नाही ते पत्रकात आणणार कुठून?

दुसरा पर्याय बहुतेक जण सुचवतात तो: अवघड शब्द काढून सोपे घालायचे. सरपंचांना तो पटला होता, म्हणून आम्ही करूनही पाहिला. वाक्य असं झालं:

“पूर येण्याची शक्यता दिसल्यास जनावरं हलवण्यासाठी लागणाऱ्या गाड्यांची सोय करून जनावरं हलवण्याचं काम लगेच करण्यात यावं.”

‘पशुधन’ गेलं, ‘अनुषंगाने’ गेलं, एकही शब्द अडत नाही. ते संस्थेच्या कट्ट्यावर दूध घालायला आलेल्या लोकांना वाचून दाखवलं. एका आजींनी किटली खाली ठेवली आणि विचारलं, “गाडी कोण आणनार, ते लिवलंय का त्यात?” लिहिलेलं नव्हतं. शब्द सोपे केले तरी वाक्याचा सांगाडा तोच राहिला होता, आणि त्या सांगाड्यात करणाऱ्याला जागाच नव्हती. उलट या रूपात धोका जास्त होता, कारण आता वाक्य कळल्यासारखं वाटत होतं.

तिसरा पर्याय म्हणजे प्रत्येक वाक्य मोडून ‘कोण, काय, केव्हा’ या क्रमानं पुन्हा लिहायचं. त्याला वेळ लागणार होता आणि भांडणं होणार होती. पावसाळा तोंडावर असूनही आराखडा ठरवणाऱ्या समितीनं तोच पर्याय घेतला. आजींच्या प्रश्नाला द्यायला कोणाकडेच उत्तर नव्हतं, हे त्याचं मुख्य कारण.

वाक्य कसं मोडलं

ग्रामपंचायतीच्या टेबलावर सरपंच, ग्रामसेवक, संस्थेचे सचिव आणि पोलीस पाटील बसले होते. आधी वाक्यातली अशी नामं शोधली, ज्यांच्या पोटात एखादी क्रिया आहे. मराठीत ती शेपटावरून पटकन सापडतात: स्थलांतरण, सक्षमीकरण यांतलं ‘करण’ किंवा ‘ण’, उपलब्धता, सज्जता यांतलं ‘ता’, निश्चिती, जागृती यांतलं ‘ती’, अंमलबजावणी, पाहणी यांतलं ‘णी’. त्यांच्या मागे-पुढे ‘च्या’, ‘च्या’, ‘ची’ अशी साखळी असते. आमच्या वाक्यात ‘परिस्थितीच्या’, ‘पशुधनाच्या’, ‘स्थलांतरणाच्या’, ‘वाहनांच्या’, ‘उपलब्धतेची’ अशी ती लागली होती. एका वाक्यात तीनाहून जास्त ‘च्या-ची’ दिसले की तिथे क्रिया गाडलेली असते, असा माझा अनुभव आहे.

मग प्रत्येक नामातून क्रियापद बाहेर काढलं. वाहनांची उपलब्धता म्हणजे ट्रॉल्या आणून उभ्या करणं. निश्चिती म्हणजे ट्रॅक्टरवाल्यांना फोन करणं. स्थलांतरण म्हणजे जनावरं चढवणं, नेणं आणि माळावर उतरवून बांधणं. ‘स्थलांतरण’ या एका नामात तीन वेगवेगळ्या माणसांची तीन कामं होती हे इथे पहिल्यांदा दिसलं.

त्यानंतर प्रत्येक क्रियापदापुढे ‘कोण?’ लिहिलं. शेवटी ‘तत्काळ’ खोडून तिथे फूट घातले, कारण ‘तत्काळ’ कधी सुरू होतं हे कोणालाच सांगता येईना, आणि फूट मात्र सगळ्या गावाला कळतात. या गावात ओढ्याचं पाणी धोका पातळीच्या आधीच रस्त्यावर येतं, म्हणून 43 ची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. तयार झालेला मजकूर असा:

“राजाराम बंधाऱ्यावर पाणी 37 फुटांवर गेलं की दूध संस्थेचे सचिव ट्रॅक्टरमालकांना फोन करतील आणि ट्रॉल्या संस्थेच्या दारात उभ्या करून घेतील. 39 फुटांवर पोलीस पाटील स्पीकरवरून जनावरं सोडायला सांगतील. मालक आपापली जनावरं ट्रॉलीत चढवतील. ग्रामपंचायतीचे शिपाई माळावरच्या शाळेचं पटांगण उघडतील आणि कोणाची जनावरं कुठे बांधायची ते दाखवतील. संस्थेचा टेम्पो दोन्ही वेळेला माळावर येऊन दूध घेईल.”

एका वाक्याची पाच झाली आणि मजकूर लांबला. सुटसुटीत लिहिणं म्हणजे कमी लिहिणं, असा समज असतो, आणि समितीतल्या एकांनी तसा आक्षेपही घेतला. पण जुनं वाक्य आखूड होतं ते कामं गिळल्यामुळे. शेवटचं, दुधाचं वाक्य तर जुन्या आराखड्यात नव्हतंच. ‘मालक जनावरं चढवतील’ असं लिहिल्यावर एका मालकानं विचारलं, “आणि धार काढल्यावर दूध घालायचं कुठं?” तेव्हा ते सुचलं.

निर्णयाच्या जागा

*सचिवांचं नाव लिहायचं का?* ‘सचिव ट्रॅक्टरमालकांना फोन करतील’ हे वाचून सचिव उठलेच. हे काम आपण कधी घेतलं नव्हतं, असं ते म्हणाले, आणि ते खरं होतं. इथे काम बंद पडलं. भाषेच्या बाजूनं मला करता येण्यासारखं काही नव्हतं, कारण गाळलेली जागा वाक्यातली नसून ठरावातली होती. संस्थेच्या संचालकांची बैठक झाली, ट्रॉल्यांची जबाबदारी संस्थेनं घेतली आणि डिझेलचे पैसे ग्रामपंचायतीनं द्यायचे ठरले. त्यानंतरच ते वाक्य आराखड्यात गेलं. ‘करण्यात यावी’ या रूपामुळे ही बैठक इतकी वर्षं टळत आली होती.

*पद की व्यक्ती?* सरपंचांना थेट नावं हवी होती. पण ग्रामसेवकाची बदली होते, सचिव बदलतात. म्हणून आराखड्यात पदं ठेवली आणि चावडीच्या फळ्यावर त्या वर्षीची नावं आणि मोबाइल नंबर. प्रत्येक पदाखाली एक ओळ जास्तीची घातली: “सचिव गावात नसतील तर संस्थेचे हिशोबनीस फोन करतील.” करणारा एकच लिहिला आणि तो गावात नसला, तर पुन्हा पहिल्यासारखंच.

*‘करावे’ की ‘करतील’?* ग्रामसेवकांनी सुचवलं, “सचिवांनी ट्रॉल्या उभ्या कराव्यात असं लिहू, तेच अदबीचं वाटतं.” वाक्य चांगलं मराठी आहे आणि त्यात करणाराही आहे. तरी मी ‘करतील’वर अडून राहिले. ‘सचिवांनी’ हा शब्द काढून पाहा: “ट्रॉल्या उभ्या कराव्यात.” वाक्य धडधाकट उभं राहतं, काही हरवलंय असं कानाला जाणवतही नाही, कारण क्रियापद ट्रॉल्यांच्या मागे चालतं. आता “ट्रॉल्या उभ्या करतील” म्हणा. ऐकणारा लगेच विचारतो, “कोण?” ‘करतील’ हे रूप कर्त्याला धरून चालतं, म्हणून तो गळाला की वाक्य लंगडतं. जो कागद दरवर्षी कोणीतरी उतरवून काढणार आहे, त्यात कर्ता गळाल्याचं लगेच लक्षात येईल असं रूप हवं.

*तालुक्याला चालेल का?* आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 चा उल्लेख, समितीची रचना, ठरावाचा क्रमांक हा भाग कार्यालयीन भाषेतच ठेवला. ते वाचणारा तालुक्याचा अधिकारी आहे आणि त्याला तीच मांडणी सरावाची आहे. कामांचा भाग तेवढा बदलला. कागद एकच राहिला आणि तालुक्यानं तो परत पाठवला नाही.

*प्रत्येक ठिकाणी कर्ता हवाच का?* नाही. “पुलावरची वाहतूक बंद केली आहे” या वाक्यात कोणी बंद केली हे पुलासमोर उभ्या असलेल्या माणसाला नको असतं. त्याला मागे फिरायचं आहे. ते वाक्य आम्ही तसंच ठेवलं. पंचनामा, पातळी, विसर्ग हे शब्दही ठेवले, कारण ते गावाच्या तोंडी आहेत. एका जागी मात्र आमचा पहिला अंदाज बदलला. “वीजपुरवठा खंडित करण्यात येईल” हेही पुलासारखंच वाक्य वाटलं होतं. वायरमननी लक्षात आणून दिलं की गावाची वीज ते बंद करतात, पण पाणी ओसरून वीज परत सुरू होते तेव्हा ओल्या घरातला मेन स्विच चालू राहिलेला असतो. म्हणजे करणारे दोन होते. मग वाक्यंही दोन झाली: “घर सोडताना तुम्ही मेन स्विच बंद करा. गावाची वीज महावितरणचे वायरमन बंद करतील.”

*नावापुरते कर्ते.* हे सगळ्यात उशिरा सापडले. “यंत्रणा सज्ज राहील.” “संबंधितांनी नोंद घ्यावी.” “ग्रामपंचायत परिस्थितीवर लक्ष ठेवेल.” या वाक्यांत कर्ता आहे, क्रियापद आहे, नामांची साखळी नाही. तरी ती पोकळ आहेत. पोलीस पाटलांनी त्यासाठी एक साधी कसोटी सांगितली, ती मी तेव्हापासून वापरते: दुसऱ्या दिवशी कोणाला तरी गाठून ‘केलंस का?’ असं विचारता आलं पाहिजे. ‘सज्ज राहिलास का?’ असं यंत्रणेला विचारता येत नाही. “शिपाई दर तीन तासांनी पातळी फळ्यावर लिहितील” हे विचारता येतं, फळा बघून तपासताही येतं.

काय घडलं

जुलै 2024 मध्ये पंचगंगेनं इशारा पातळी ओलांडली आणि पुढे धोका पातळीही. 37 फुटांवर सचिवांनी फोन केले. एक ट्रॅक्टर भाताच्या चिखलणीला गेलेला होता, तो आला नाही. यादीतल्या पुढच्या मालकाला बोलावलं. 39 वर स्पीकर वाजला. ओढ्याचं पाणी रस्त्यावर येण्याआधी बहुतेक म्हशी माळावर पोचल्या होत्या. दोन घरांनी जनावरं हलवायला नकार दिला, ती दुसऱ्या दिवशी पाण्यातूनच काढावी लागली. टेम्पो दूध घ्यायला दोन्ही वेळेला माळावर आला.

याचं श्रेय वाक्यांना किती द्यायचं, याबद्दल मी सावध आहे. 2024 चं पाणी 2019 किंवा 2021 इतकं चढलं नाही, आणि दोन पुरांचा अनुभव गावाच्या गाठीशी होता. एक गोष्ट मात्र खात्रीनं सांगता येते: ट्रॉल्या कोणी आणायच्या यावर या वेळी वाद झाला नाही.

वाद झाला तो वैरणीवर. आराखड्यात एक जुनं वाक्य तसंच राहिलं होतं: “स्थलांतरित जनावरांकरिता चाऱ्याची व्यवस्था करण्यात येईल.” ते मुद्दामच ठेवलं होतं. चारा तालुक्याकडून येईल अशी समितीची अपेक्षा होती, पण कोण देणार हे पक्कं नव्हतं, म्हणून कर्ता लिहिता येत नव्हता. लोकांनी ते वाक्य वाचलं आणि भरवशानं रिकाम्या हातानं माळावर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाव्याला बांधलेल्या म्हशी हंबरू लागल्या. माळाकडच्या पै-पाहुण्यांकडून कडबा उसना आणून तो दिवस निभावला.

वेगळं काय करता आलं असतं

वैरणीचं वाक्य ठेवायलाच नको होतं. कर्ता ठरत नसेल तर तसं उघड लिहावं: “वैरण कोण देणार हे अजून ठरलेलं नाही. दोन दिवस पुरेल इतकी वैरण सोबत आणा.” असं लिहिताना ग्रामपंचायतीला संकोच वाटला असता, पण लोकांनी ट्रॉलीत चार पेंढ्या टाकल्या असत्या. ‘करण्यात येईल’ वाचून माणूस निर्धास्त होतो, आणि ज्या जागी काहीच ठरलेलं नसतं त्या जागीच हे रूप सगळ्यात जास्त वापरलं जातं.

दुसरी गोष्ट स्पीकरची. आराखड्यात ‘पोलीस पाटील सांगतील’ असं लिहिलं, पण काय सांगतील ते लिहिलं नव्हतं. माईक हातात आल्यावर पोलीस पाटलांच्या तोंडून सवयीनं “नागरिकांनी सतर्कता बाळगून सहकार्य करावे” असंच निघालं. घरातून एकही माणूस बाहेर आला नाही. मग सचिवांनी माईक घेतला: “पाणी 39 फूट झालंय. म्हशी सोडा, ट्रॉल्या संस्थेच्या दारात उभ्या आहेत.” तेव्हा दारं उघडली. घोषणेची वाक्यं आराखड्यातच छापायला हवी होती, म्हणजे बोलणाऱ्याला ती आयत्या वेळी जुळवावी लागली नसती.

तिसरं, क्रम. आम्ही आधी कागद लिहायला बसलो आणि सचिव, वायरमन, ट्रॅक्टरमालक यांना मजकूर दाखवायला नंतर बोलावलं. उलटं केलं असतं, म्हणजे प्रत्येकाला ‘त्या दिवशी तुम्ही काय करता?’ असं विचारून त्याच्याच तोंडची वाक्यं उतरवून घेतली असती, तर क्रियापदं आपोआप आली असती. बोलताना कोणीही ‘मी उपलब्धतेची निश्चिती करतो’ असं म्हणत नाही.

मे 2025 च्या आराखड्यात समितीनं वैरणीचं कलम बदललं. ते आता असं आहे: “39 फुटांवर निघताना मालक दोन दिवसांची वैरण सोबत आणतील. तिसऱ्या दिवसापासून दूध संस्था वैरण विकत आणून माळावर वाटेल आणि तिचे पैसे दुधाच्या बिलातून हप्त्यानं कापून घेईल. सरकारी चारा आला तर तो ग्रामसेवक उतरवून घेतील आणि जनावरांच्या संख्येप्रमाणे वाटतील.”